घराच्या नूतनीकरणाचा गँट चार्ट: पूर्वकामे, मोकळीक आणि लाल पट्टा

घराचे काम काढताना गवंडी, प्लंबर, वायरमन, फरशीवाला, रंगारी आणि ट्रॉलीवाला असे सहा जण आपापल्या कामाचे दिवस सांगतात. त्या दिवसांची नुसती बेरीज केली तर उत्तर फार मोठे येते, आणि सगळी कामे एकत्रच चालतील असे धरले तर फार लहान. खरे उत्तर कोणते काम कोणत्या कामावाचून सुरू होऊच शकत नाही यावर ठरते. गँट चार्टमध्ये प्रत्येक कामाचा आडवा पट्टा काळाच्या पट्टीवर मांडलेला असतो, परंतु अवलंबन न दाखवणारा चार्ट केवळ रंगवलेले वेळापत्रक होय. हेन्री गँट यांच्या काळातील, म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, तक्त्यांमध्ये अशी अवलंबने आजच्यासारखी जोडलेली नसत. कामांच्या साखळीतून सर्वांत लांब वाट हिशेबाने शोधण्याची रीत, म्हणजे क्रिटिकल पाथ, १९५७ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली. या दोन गोष्टी एका साध्या स्प्रेडशीटमध्ये एकत्र आणून क्रिटिकल पाथ लाल रंगात आपोआप कसा दिसेल, ते या लेखात एका पूर्ण उदाहरणातून पाहू.

उदाहरणासाठी कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीसारख्या भागातील तळमजल्याचे एक जुने घर घेऊ. स्वयंपाकघर आणि बाथरूम पूर्ण नवे करायचे आहे, दोन्हीकडचा जुना गिलावा काढून नवा करायचा आहे, वायरिंग भिंतीत घ्यायचे आहे, नवा किचन कट्टा आणि त्याखाली ट्रॉल्या बसवायच्या आहेत, आणि शेवटी रंग द्यायचा आहे. सोमवार, २ फेब्रुवारी २०२६ रोजी तोडफोड सुरू होते असे धरू.

कामांची यादी

यादी करताना एक कसोटी वापरावी: माणूस बदलला किंवा थांबावे लागले की नवे काम. एकाच गवंड्याने सलग करायच्या चार बारीक गोष्टी एका ओळीत राहिल्या तरी बिघडत नाही. मात्र गिलावा करणे आणि गिलाव्याला पाणी मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, कारण दुसऱ्यात गवंडी लागत नाही पण दिवस मात्र जातात. या घरासाठी अठरा ओळी पुरतात. साठ ओळींचा तक्ता कागदावर भारदस्त दिसतो, पण दुसऱ्या आठवड्यानंतर तो कोणी अद्ययावत ठेवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यादीतून सर्वांत सहज निसटते ते घराबाहेर होणारे काम आणि कोणीच करत नसलेले काम. टाइल्स निवडून, ऑर्डर देऊन घरी येईपर्यंतचा काळ हे पहिल्या प्रकारचे काम आहे. पसंत पडलेला माल दुकानात शिल्लक नसेल तर तो मोरबीहून यायचा असतो. ट्रॉल्या वर्कशॉपमध्ये तयार होण्याचा काळही त्याच प्रकारात मोडतो. गिलावा सुकणे हे दुसऱ्या प्रकारचे. या तिन्हींना स्वतंत्र ओळ हवीच, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे एकूण मुदत गवंड्याच्या वेगापेक्षा याच ओळी अधिक ठरवतात.

दिवस कसे मोजावेत

मजुरांचे काम आठवड्यातून सहा दिवस चालते, पण सिमेंटला रविवार नसतो. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावे लागते आणि नव्या गिलाव्यावर पुट्टी किंवा रंग चढवण्याआधी साधारण २८ दिवस जाऊ द्यावे लागतात. हे दिवस दिनदर्शिकेचे आहेत, तर फरशीवाल्याने सांगितलेले पाच दिवस कामाचे आहेत. दोन्ही एकाच स्तंभात तसेच लिहिले तर तक्ता चुकतो.

यावर सोपा उपाय असा की सगळे काही कामाच्या दिवसांत लिहावे. सहा दिवसांच्या आठवड्यात दिनदर्शिकेचे सात दिवस म्हणजे कामाचे सहा, आणि २८ दिवस म्हणजे कामाचे २४. मध्ये एखादा सण आला तर या हिशेबाने सुकण्याचा काळ एखाद्या दिवसाने वाढून येतो, म्हणजे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. साप्ताहिक सुट्टी रविवारी की सोमवारी हे मात्र आपल्या गवंड्याला विचारूनच ठरवावे. या उदाहरणात ती रविवारी धरली आहे.

पूर्वकामे ठरवणे

प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारावा: हे काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी काय पूर्ण झालेले असलेच पाहिजे? उत्तरात फक्त लगतची कामे लिहावीत. टाइल्सच्या आधी तोडफोड झालेली असणार हे खरे, पण ते साखळीतून आपोआप येते.

उत्तरे दोन प्रकारची निघतात. पहिला प्रकार कामाच्या स्वभावातून येतो. भिंतीतील पाइप आणि वायरिंगचे चर बुजल्याशिवाय गिलावा नाही. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊन आणि ४८ तास पाणी कोंडून पातळी उतरत नाही याची खात्री केल्याशिवाय टाइल्स नाहीत. ट्रॉलीचे अंतिम माप ग्रॅनाइटचा कट्टा आणि डॅडोच्या टाइल्स बसल्यावरच घ्यायचे, कारण टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून गाळ्याचे माप सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने बदलते आणि आधी कापलेली ट्रॉली मग अडकते किंवा फट सोडते. गिलावा, पाणी आणि सुकणे यांचा क्रमही असाच अटळ आहे.

दुसरा प्रकार माणसांमुळे येतो. फरशीवाला एकच असेल तर बाथरूम आणि स्वयंपाकघर एकाच वेळी होणार नाहीत, मग दोन्ही जागा तयार असल्या तरी. हे अवलंबन तक्त्यात लिहिलेच पाहिजे, पण त्यापुढे ‘माणूस’ अशी खूण करून ठेवावी. पहिल्या प्रकारातील अवलंबने बदलता येत नाहीत, ही बदलता येतात, आणि पुढे मुदत कमी करायची वेळ आली की आपण प्रथम याच खुणा शोधणार आहोत.

या घराचा पूर्ण तक्ता पुढीलप्रमाणे होतो. डावीकडचे चार स्तंभ आपण भरायचे आहेत आणि उजवीकडचे तीन सूत्रांनी यायचे आहेत. मोकळीक म्हणजे एकूण मुदत न बिघडता ते काम जास्तीत जास्त किती दिवस पुढे सरकू शकते तो आकडा. ते येथे दिले आहेत ते केवळ आपल्या तक्त्याशी ताडून पाहण्यासाठी.

| क्र. | काम | दिवस | पूर्वकामे | सुरुवात | शेवट | मोकळीक |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | तोडफोड, राडारोडा हलवणे | ४ | – | १ | ४ | ० |
| २ | टाइल्स निवड, ऑर्डर, घरपोच | १० | – | १ | १० | १३ |
| ३ | नळकाम व ड्रेनेज पाइप | ४ | १ | ५ | ८ | ० |
| ४ | वायरिंगचे चर व पाइप | ३ | १ | ५ | ७ | १ |
| ५ | गिलावा | ५ | ३, ४ | ९ | १३ | ० |
| ६ | गिलाव्याला पाणी मारणे | ६ | ५ | १४ | १९ | ० |
| ७ | बाथरूम वॉटरप्रूफिंग व चाचणी | ४ | ६ | २० | २३ | ० |
| ८ | बाथरूमच्या टाइल्स | ५ | २, ७ | २४ | २८ | ० |
| ९ | किचन कट्टा | ३ | ६ | २० | २२ | ६ |
| १० | स्वयंपाकघराच्या टाइल्स | ५ | ८ (माणूस), ९ | २९ | ३३ | ० |
| ११ | ट्रॉलीचे माप | १ | १० | ३४ | ३४ | ० |
| १२ | ट्रॉल्या तयार होणे | १५ | ११ | ३५ | ४९ | ० |
| १३ | गिलावा सुकणे | २४ | ५ | १४ | ३७ | ४ |
| १४ | पुट्टी, प्रायमर, रंग | ८ | १०, १३ | ३८ | ४५ | ४ |
| १५ | बाथरूमची भांडी व नळ | २ | ८ | २९ | ३० | २१ |
| १६ | स्विचबोर्ड, दिवे | २ | १४ | ४६ | ४७ | ४ |
| १७ | ट्रॉल्या बसवणे | २ | १२, १४ | ५० | ५१ | ० |
| १८ | शेवटचे हात व साफसफाई | ३ | १५, १६, १७ | ५२ | ५४ | ० |

शीटची मांडणी

गुगल शीट्समध्ये नवी शीट उघडून B1 मध्ये सुरुवातीची तारीख लिहावी. तिसऱ्या ओळीत शीर्षके द्यावीत: A मध्ये क्रमांक, B मध्ये काम, C मध्ये कोण करणार, D मध्ये दिवस, E मध्ये पूर्वकामे, F आणि G मध्ये लवकरात लवकर सुरुवात व शेवट, H आणि I मध्ये उशिरात उशिरा सुरुवात व शेवट, आणि J मध्ये मोकळीक. पहिले काम चौथ्या ओळीत येईल आणि अठरावे एकविसाव्या. म्हणजे कामाच्या क्रमांकात तीन मिळवले की त्याची ओळ मिळते, आणि सूत्रे लिहिताना ही सोय फार उपयोगी पडते. आकडे इंग्रजी कळफलकावरून भरावेत, कारण देवनागरी अंक मजकूर म्हणून धरले गेले तर सूत्रे चालत नाहीत.

लवकरात लवकर सुरुवात म्हणजे सर्व पूर्वकामांपैकी जे सर्वांत उशिरा संपते त्याच्या दुसऱ्या दिवशी. ज्याला पूर्वकाम नाही त्या ओळीत F मध्ये 1 लिहावे. बाकी ओळींत पूर्वकामांच्या G स्तंभातील चौकटी MAX मध्ये घालाव्यात. पाचव्या कामाचे, म्हणजे गिलाव्याचे, सूत्र असे होईल:

```
F8:  =MAX(G6,G7)+1
G8:  =F8+D8-1
```

G चे सूत्र सर्व ओळींत खाली ओढता येते. F चे सूत्र मात्र प्रत्येक ओळीत हाताने लिहावे लागते. E स्तंभातील ‘३, ४’ हा मजकूर वाचून सूत्राने आपोआप चौकटी शोधण्याच्या युक्त्या आहेत, पण त्यात सूत्र स्वतःलाच विचारू लागण्याचा धोका असतो. अठरा ओळींसाठी हाताने लिहिणेच बरे, आणि लिहिताना प्रत्येक अवलंबनाचा पुन्हा विचारही होतो.

इथपर्यंत आल्यावर शेवटच्या कामाच्या G21 मध्ये 54 दिसेल. नऊ आठवडे, सण वगळून.

आता उलट्या दिशेने यायचे. एखादे काम उशिरात उशिरा कधी संपले तरी चालेल हे त्याच्या पुढच्या कामांवरून ठरते: पुढच्या सर्व कामांच्या उशिरात उशिरा सुरुवातींपैकी सर्वांत आधीची घ्यायची आणि तिच्या आदल्या दिवशी थांबायचे. शेवटच्या ओळीसाठी ही मुदत म्हणजे तिचा स्वतःचाच शेवट. गिलाव्यानंतर पाणी मारणे आणि सुकणे अशी दोन कामे आहेत, म्हणून त्या ओळीत त्या दोन्हींच्या H चौकटी येतात:

```
I21: =G21
I8:  =MIN(H9,H16)-1
H8:  =I8-D8+1
J8:  =I8-G8
```

H आणि J ची सूत्रे ओढता येतात, I चे पुन्हा हाताने. येथे उपयोगी पडणारी रीत अशी की E स्तंभ खालून वर वाचत जावा आणि एखाद्या कामाचा क्रमांक ज्या ज्या ओळीत पूर्वकाम म्हणून आला आहे ती प्रत्येक ओळ त्या कामाच्या MIN मध्ये घालावी.

तारखा आणि पट्टे

K स्तंभापासून चार्ट सुरू होतो. नव्या शीटमध्ये Z पर्यंतच स्तंभ असतात, त्यामुळे साठ दिवस मावण्यासाठी BR पर्यंत स्तंभ आधी वाढवून घ्यावेत आणि त्यांची रुंदी वीस-बावीस पिक्सेल ठेवावी. K3 मध्ये 1 आणि L3 मध्ये `=K3+1` लिहून उजवीकडे ओढावे. तारखांसाठी ‘सुट्ट्या’ नावाची दुसरी शीट करून तिच्या A स्तंभात सुट्टीच्या तारखा लिहाव्यात आणि K2 मध्ये पुढील सूत्र देऊन तेही उजवीकडे ओढावे:

```
=WORKDAY.INTL($B$1-1,K$3,11,'सुट्ट्या'!$A$1:$A$10)
```

यातील 11 म्हणजे फक्त रविवारी सुट्टी. सोमवारची असेल तर 12 लिहावे. सुट्ट्यांच्या यादीत शासकीय सुट्ट्यांपेक्षा मजूर खरोखर कधी येत नाहीत ते दिवस लिहावेत. १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि १९ मार्चचा गुढीपाडवा हे तर आहेतच, पण कोल्हापूरच्या आसपास चैत्र पौर्णिमेच्या जोतिबा यात्रेला वाडी रत्नागिरीकडे जाणारा गवंडी दुसऱ्या दिवशी हजर होईल असे धरणे फारच आशावादी ठरेल. धुळवड आणि यात्रेचे दिवस पंचांग पाहून आणि गवंड्याशी बोलून भरावेत. शिवजयंती आणि पाडवा एवढ्याच दोन सुट्ट्या धरल्या तरी ५४ वा दिवस ७ एप्रिलला येतो.

पट्टे रंगवण्यासाठी K4 ते BR21 हा भाग निवडून Format → Conditional formatting मध्ये Custom formula is हा पर्याय घ्यावा आणि तीन नियम याच क्रमाने द्यावेत. पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळा आणि तिसऱ्याला फिकट राखाडी रंग द्यावा:

```
=AND(K$3>=$F4,K$3<=$G4,$J4=0)
=AND(K$3>=$F4,K$3<=$G4)
=AND(K$3>$G4,K$3<=$I4)
```

लाल पट्टे म्हणजे क्रिटिकल पाथ, निळे म्हणजे थोडी सवड असलेली कामे, आणि निळ्यापुढची राखाडी शेपटी म्हणजे नेमकी किती सवड आहे ते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एका चौकटीला दोन नियम लागू पडले तर वरचा जिंकतो. निळा नियम वर गेला तर लाल कधीच दिसणार नाही. स्प्रेडशीटमध्ये पट्ट्यांना जोडणारे बाण काढता येत नाहीत, त्यांचे काम E स्तंभ करतो. बाण हवेच असतील तर गँटप्रोजेक्ट हे मोफत सॉफ्टवेअर हीच यादी घेऊन बाणांसह क्रिटिकल पाथ दाखवते, पण भिंतीवर लावलेली आणि फोनवर सर्वांना उघडता येणारी शीट कामाच्या जागी अधिक वापरली जाते.

तक्ता बरोबर आहे का

वापरण्याआधी तीन ठिकाणी नजर टाकावी. एखादा पट्टा कारण नसताना डाव्या कडेला, पहिल्या दिवशी चिकटलेला दिसला तर त्याचे पूर्वकाम लिहायचे राहिले आहे. या तक्त्यात तसे फक्त १ आणि २ असायला हवेत. एखाद्या कामाची मोकळीक अवास्तव मोठी दिसली तर बहुधा त्याच्यावर अवलंबून असलेले एखादे काम I च्या सूत्रातून सुटले आहे. पंधराव्या कामाची २१ दिवसांची मोकळीक खरी आहे, कारण नळ आणि कमोड केव्हाही बसवता येतात. पण वॉटरप्रूफिंगपुढे २१ दिसले असते तर संशय घ्यायला हवा होता. मोकळीक उणे आली तर F आणि I मधील दोन सूत्रे एकमेकांशी जुळत नाहीत. शेवटी, सर्व लाल कामांचे दिवस मिळवून पाहावेत: ४, ४, ५, ६, ४, ५, ५, १, १५, २ आणि ३ मिळून ५४ होतात, आणि तेच G21 मध्ये आहे.

लाल पट्टा काय सांगतो

लाल साखळीत सर्वांत लांब पट्टा गवंड्याचा नाही, फरशीवाल्याचाही नाही. तो ट्रॉलीच्या वर्कशॉपचा आहे, जिथे आपण कधी जातही नाही. त्यामुळे ट्रॉलीवाल्याला जास्त पैसे देऊन पंधराऐवजी दहा दिवसांत काम मागावे, असे प्रथम सुचते. D15 मध्ये 10 टाकून पाहा. एकूण मुदत ५४ वरून ५० होते. पाच दिवस विकत घेतले आणि चारच मिळाले, कारण तेवढ्यात सुकणे आणि रंग यांची दुसरी साखळी लाल झाली. तिची मोकळीक चारच दिवसांची होती, आणि पाचवा दिवस तिथे अडला. एखादे लाल काम छोटे करण्याआधी समांतर साखळीची मोकळीक पाहावी ती यासाठी, कारण त्यापलीकडे दिलेला पैसा मुदतीत उतरत नाही.

आता D15 पुन्हा 15 करा आणि ‘माणूस’ अशी खूण केलेले अवलंबन पाहा. फरशीवाल्याने आधी बाथरूम करावे हे आपण ठरवले, सिमेंटने नाही. क्रम उलटा केला तर स्वयंपाकघराच्या टाइल्सना टाइल्सचा माल आणि कट्टा हे पूर्वकाम होते, आणि बाथरूमच्या टाइल्सना वॉटरप्रूफिंग आणि स्वयंपाकघराच्या टाइल्स. दोन F सूत्रे बदलतात:

```
F13: =MAX(G5,G12)+1
F11: =MAX(G10,G13)+1
```

त्यांच्या जोडीने I स्तंभातील पूर्वकामांची सूत्रेही बदलावीत. टाइल्सच्या ऑर्डरचा शेवट आता H13 वर, आणि स्वयंपाकघराच्या टाइल्सचा शेवट H11, H14 आणि H17 या तिघांवर अवलंबून राहील. बाथरूमच्या टाइल्सच्या I मधून H13 काढून टाकावे आणि तिथे फक्त पंधराव्या कामाची, म्हणजे H18 ही चौकट ठेवावी. कट्टा २२ व्या दिवशी संपतो, स्वयंपाकघराच्या टाइल्स २३ ते २७, माप २८ ला, ट्रॉल्या ४३ व्या दिवशी तयार, आणि एकूण मुदत पुन्हा ५०. तेच चार दिवस, या वेळी एकही रुपया न देता.

मात्र त्याची किंमत दुसरीकडे दिसते. बाथरूमची भांडी बसण्याचे काम आता ३० ऐवजी ३४ व्या दिवशी संपते. घरात दुसरे बाथरूम असेल तर हा बदल निःसंशय करावा. एकच असेल आणि कुटुंब त्याच घरात राहणार असेल तर चार दिवस आधी घर पूर्ण होण्यापेक्षा चार दिवस आधी बाथरूम मिळणे अधिक मोलाचे वाटू शकते. हे चार्ट ठरवत नाही, पण निर्णय नेमका कशाचा आहे ते समोर मांडतो.

क्रम बदलल्यानंतर लाल पट्टे कुठे गेले तेही पाहण्यासारखे आहे. तोडफोड, नळकाम आणि गिलावा लालच आहेत, पण तिथून लाल रंग गिलावा सुकण्यावर आणि रंगावर उडी मारतो. रंगानंतर स्विचबोर्ड आणि ट्रॉल्या बसवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी लाल आहेत. ट्रॉलीच्या वर्कशॉपला आता दोन दिवसांची सवड मिळाली. गिलाव्याला पाणी मारण्याच्या ओळीतही दोन दिवसांची मोकळीक दिसेल. तिचा अर्थ पाणी दोन दिवस कमी मारावे असा मुळीच नाही. ती मोकळीक काम पुढे सरकण्याची आहे, काम लहान करण्याची नाही.

यापुढे मुदत कमी करायची तर सुकण्याच्या २४ दिवसांना हात लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. आतली ओल आणि क्षार बाहेर येत असताना पुट्टी बसली तर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. भिंत सुकली की नाही हे पाहण्यासाठी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबावे. खरी बचत पहिल्या तीन लाल कामांत आहे. गिलाव्याला दोन गवंडी लावून पाचाचे तीन दिवस केले तर एकूण मुदतही पूर्ण दोन दिवसांनी कमी होते, कारण त्या पट्ट्याला समांतर फक्त टाइल्सची ऑर्डर आहे आणि तिला भरपूर मोकळीक आहे.

सामाईक मोकळीक

मूळ तक्त्यात सुकणे, रंग आणि स्विचबोर्ड या तिन्ही ओळींपुढे मोकळीक ४ दिसते. हे चार दिवस तिघांना वेगवेगळे मिळालेले नाहीत, साखळीला एकत्र मिळालेले आहेत. गिलावा सुकायला तीन दिवस जास्त लागले तर रंगाऱ्याला एकच दिवस उरतो. त्यामुळे रंगाऱ्याला फोनवर ‘चार दिवस इकडेतिकडे चालतील’ असे आधीच सांगून टाकू नये. ती सवड त्याच्या आधीच्याने संपवली आहे का, हे त्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी पाहून मगच सांगावे.

याच कारणाने वायरमनची एक दिवसाची मोकळीक फसवी आहे. नळकाम लाल आहे म्हणून सगळे प्लंबरच्या मागे लागतात, पण चर खोदताना जुनी भिंत ढासळली आणि वायरिंगला तीनऐवजी सहा दिवस लागले तर ते काम १० व्या दिवशी संपेल, गिलावा ११ ला सुरू होईल आणि सगळे घर दोन दिवसांनी पुढे जाईल. तीन दिवसांच्या आत मोकळीक असलेल्या ओळींना मी नारिंगी रंग देतो. त्यासाठी लाल नियमाच्या लगेच खाली, निळ्याच्या वर, `=AND(K$3>=$F4,K$3<=$G4,$J4<3)` हा आणखी एक नियम घालावा.

दर शनिवारी

शनिवारी मजुरांचा आठवड्याचा हिशेब होतो, तीच वेळ तक्त्यासाठीही घ्यावी. पहिल्या आठवड्याच्या आधी F आणि G मधील आकडे दुसऱ्या शीटवर केवळ मूल्ये म्हणून चिकटवून ठेवावेत, म्हणजे मूळ योजना काय होती ते नंतर दिसेल. त्यानंतर दर शनिवारी संपलेल्या कामांच्या D मध्ये प्रत्यक्ष लागलेले दिवस लिहावेत आणि चालू कामांच्या D मध्ये आजवरचे आणि उरलेले मिळून दिवस. काम अर्धे झाले की सत्तर टक्के, हे कोणालाच विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी आशावादी येते. ‘अजून किती दिवस?’ असे विचारावे. काम उशिरा सुरू झाले असेल तर त्या ओळीतील F चे सूत्र पुसून प्रत्यक्ष दिवसाचा आकडा लिहावा आणि चौकट पिवळी करावी.

आकडे बदलले की लाल पट्टा कोणत्या ओळींवरून जातो ते पाहावे. तो जिथे नव्याने आला असेल, पुढच्या आठवड्यातील पहिला फोन त्या माणसाला करावा.

पाडव्याला घर हवे असेल तर

पुष्कळांना घर पाडव्याच्या आत तयार हवे असते. २ फेब्रुवारीला सुरुवात करून शिवजयंतीची सुट्टी वगळली तर १८ मार्चपर्यंत कामाचे ३८ दिवसच मिळतात, आणि सुधारलेल्या तक्त्यालाही ५० लागतात. तेव्हा सुरुवातीची तारीख उलट्या हिशेबाने काढावी. त्यासाठी सुट्ट्यांच्या यादीत २६ जानेवारी घालून कोणत्याही रिकाम्या चौकटीत पुढील सूत्र लिहावे आणि त्या चौकटीला तारखेचे स्वरूप द्यावे:

```
=WORKDAY.INTL(DATE(2026,3,19),-50,11,'सुट्ट्या'!$A$1:$A$10)
```

उत्तर १७ जानेवारी येते. त्यात धुळवडीची सुट्टी धरलेली नाही, आणि तोडफोडीनंतर भिंतीत सापडणारे गंजलेले पाइप तर कोणत्याच यादीत नसतात. अशी सवड प्रत्येक कामाच्या दिवसांत थोडी थोडी लपवली तर ती कुठे खर्च झाली ते कळत नाही. तिची शेवटच्या कामानंतर ‘राखीव’ नावाची स्वतंत्र ओळ करावी, जुन्या घरासाठी ती सहा दिवसांपेक्षा कमी ठेवू नये, आणि वरच्या सूत्रात ५० च्या जागी ५६ घालून मिळालेली तारीख गवंड्याला सांगावी.